घरघंटीच्या हमीपत्रातील एक परिच्छेद सोपा करताना

प्रश्न: आमचा इंदूरला सांवेर रोडवर घरघंटी बनविण्याचा छोटा कारखाना आहे. माल माळव्यात आणि खानदेशात जातो. हमीपत्रात एकच परिच्छेद आहे, तो वडिलांच्या काळापासून तसाच चालत आला आहे. ग्राहक तो वाचत नाहीत, वाचला तरी वाद होतात, आणि मेकॅनिकही प्रत्येक वेळी वेगळे सांगतो. कशाला हमी आहे, कशाला नाही आणि तक्रार कशी करायची हे साध्या मराठीत कसे लिहावे? परिच्छेद खाली देत आहे, माहितीपत्रकही सोबत पाठवले आहे.

«सदर यंत्रास खरेदी दिनांकापासून चोवीस महिन्यांकरिता उत्पादनविषयक व साहित्यविषयक दोषांसंबंधी हमी देण्यात येत असून सदर हमी मोटार वगळता जाळी, ब्लेड, कपॅसिटर, स्विच, प्लास्टिक व रबरी भाग यांस लागू राहणार नाही, तसेच गैरवापर, विद्युत दाबातील चढउतार, अनधिकृत दुरुस्ती, नैसर्गिक झीज अथवा कंपनीच्या मते ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे उद्भवलेल्या कोणत्याही बिघाडास कंपनी जबाबदार राहणार नाही, हमीपत्र विक्रेत्याच्या सही-शिक्क्यासह सात दिवसांत कंपनीकडे पाठविणे बंधनकारक असून मूळ देयक सादर केल्याशिवाय कोणताही दावा ग्राह्य धरला जाणार नाही, दुरुस्ती अथवा बदलीचा निर्णय सर्वस्वी कंपनीचा राहील, वाहतूक खर्च ग्राहकाने सोसावयाचा असून सर्व वाद इंदूर न्यायक्षेत्राच्या अधीन राहतील.»

उत्तर:

शब्द बदलायला घेण्यापूर्वी तुमच्या दुरुस्तीच्या वहीतील गेल्या दोन वर्षांच्या तक्रारी समोर ठेवाव्यात. प्रत्येक तक्रारीपुढे दोनच गोष्टी लिहाव्यात: यंत्र उघडल्यावर मेकॅनिकला काय दिसले आणि शेवटी पैसे कोणी दिले. एकाच प्रकारच्या बिघाडात कधी ग्राहकाने तर कधी कारखान्याने पैसे दिले असतील, तर तिथे तुमच्याकडे नियमच नाही असे समजावे, आणि नेमक्या त्याच जागी परिच्छेदात ‘गैरवापर’ किंवा ‘निष्काळजीपणा’ असा सैल शब्द बसलेला सापडेल. हमीपत्रे तपासताना मला हे वारंवार दिसले आहे. वाक्य अवघड वाटते ते बहुधा त्यामागचा निर्णय झालेला नसतो म्हणून, आणि असे वाक्य कितीही सोप्या शब्दांत लिहिले तरी भांडण तसेच राहते.

म्हणून प्रत्येक अपवादाला मी दोन कसोट्या लावतो. खरेदीदाराला ती गोष्ट यंत्र वापरण्यापूर्वी कळू शकत होती आणि टाळता येत होती का, ही पहिली. बिघाड झाल्यावर मेकॅनिक यंत्रावर बोट ठेवून ‘हे पाहा’ असे म्हणू शकतो का, ही दुसरी. जो अपवाद या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही तो काढून टाकावा, किंवा ज्या खुणेवरून तो ठरवला जातो ती खूणच वाक्यात लिहावी.

आता तुमचे पहिले वाक्य घ्या. ‘सदर हमी मोटार वगळता जाळी, ब्लेड, कपॅसिटर… यांस लागू राहणार नाही’ हे घाईत वाचणाऱ्याला मोटारीलाच हमी नाही असे सांगते, आणि सावकाश वाचणाऱ्याला फक्त मोटारीला हमी आहे असे सांगते. दाराचा सुरक्षा स्विच, पत्र्याचा सांगाडा, पिठाचा डबा, चाके यांचे काय, हे दोघांनाही कळत नाही. त्यात तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ‘मोटारीवर ५ वर्षे हमी’ असे ठळक छापलेले आहे आणि हमीपत्रात चोवीस महिने आहेत. या विसंगतीचा फायदा कारखान्याला मिळेल असे समजू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाबद्दल केलेले महत्त्वाचे विधान, वचन किंवा वर्णन हेही व्यक्त हमीतच धरले जाते, आणि कलम ८४ प्रमाणे उत्पादन व्यक्त हमीला उतरत नसल्यामुळे हानी झाली, तर हमी देताना आपला निष्काळजीपणा किंवा फसवणूक नव्हती असे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. थोडक्यात, माहितीपत्रकावरचा आकडाही तुमच्या हमीचाच आकडा आहे. पाच वर्षे द्यायची असतील तर हमीपत्रात पाच लिहावीत. द्यायची नसतील तर माहितीपत्रक आधी बदलावे. हा निर्णय मी तुमच्यासाठी घेऊ शकत नाही. पुढील मसुद्यात मोटारीला पाच आणि बाकी यंत्राला दोन वर्षे धरली आहेत.

कपॅसिटरला हमी नाकारणे मला पटत नाही, आणि यात हिशेबाचाही प्रश्न आहे. घरघंटीतील एकफेजी मोटार सुरू होण्यासाठी कपॅसिटरवर अवलंबून असते. तो कमजोर झाला की मोटार गुणगुणते पण फिरत नाही, आणि घरातील माणूस पुन्हापुन्हा बटण दाबत राहिला की वाइंडिंग तापून जळते. म्हणजे काही शेकड्यांचा भाग हमीबाहेर ठेवून तुम्ही काही हजारांच्या मोटारीचा वाद ओढवून घेता: ग्राहक म्हणतो मोटार जळाली, ती हमीत आहे, तुमचा माणूस म्हणतो ती कपॅसिटरमुळे जळाली, तो हमीत नाही. एक भाग दुसऱ्या भागाच्या जीवावर उठत असेल तर शक्यतो दोघांना एकाच मुदतीत ठेवावे. कपॅसिटर आणि स्विच निदान दोन वर्षांच्या हमीत घ्यावेत, आणि ‘यंत्र गुणगुणते पण फिरत नसेल तर ताबडतोब बंद करा’ ही सूचना हमीपत्रात नव्हे तर यंत्राच्या झाकणावर लावावी, कारण त्या क्षणी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर झाकणच असते.

जाळी, ब्लेड आणि कापडी गाळणी हे झिजणारे भाग आहेत, त्यांना दोन वर्षांची हमी कोणी मागणार नाही. तरी ‘हमी नाही’ असे सरसकट लिहिल्यास पेटी उघडताच फाटकी निघालेली जाळीही नाकारल्यासारखी होते. या भागांना पहिले ३० दिवस द्यावेत. जाळी मुळातच सदोष असेल तर ती पहिल्या काही दळणांतच उघडी पडते, आणि त्यानंतर फाटलेली जाळी बहुतेक वेळा धान्यातील खडा किंवा खिळा गेल्याची खूण असते.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागेल तो ‘विद्युत दाबातील चढउतार’ या शब्दांना. माळव्यातील आणि खानदेशातील खेड्यांत संध्याकाळी व्होल्टेज उतरते हे तुम्हाला माल विकताना माहीत असते; ग्राहकाला ते टाळता येत नाही, आणि चार महिन्यांपूर्वीच्या संध्याकाळी त्याच्या घरात किती व्होल्ट होते हे तुमचा मेकॅनिक दाखवूही शकत नाही. हा अपवाद दोन्ही कसोट्यांत नापास होतो. यामागचे कारण खरे आहे, हे मी नाकारत नाही. मोटारीचा जोर साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर सुमारे ६० टक्क्यांवर येतो, धान्याचा भार मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे मोटार मंदावते, जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि तापते. पण याच धोक्यासाठी तुम्ही मागच्या बाजूला लाल बटणाचा ओव्हरलोड बसवला आहे. तो ठीक असेल तर मोटार जळण्यापूर्वी यंत्र बंद पडायला हवे. ओव्हरलोड बसवूनही मोटार अशा भाराने तापून जळाली, तर एक तर ओव्हरलोड सदोष आहे किंवा कोणीतरी त्याच्या तारा थेट जोडून तो निकामी केला आहे. पहिल्या गोष्टीची जबाबदारी तुमची आणि दुसरीची ग्राहकाची, आणि दोन्हींमधला फरक झाकण काढताच दिसतो. त्यामुळे चढउतारांचा अपवाद काढून त्या जागी ‘ओव्हरलोडच्या तारा थेट जोडलेल्या आढळल्यास जळालेल्या मोटारीला हमी नाही’ असे वाक्य ठेवावे.

तुमच्या मेकॅनिकसाठी इथे एक वेगळी, फक्त आतल्या वापराची चिठ्ठी तयार करावी, कारण जळालेली मोटार उघडली की वाइंडिंग बरेच काही सांगते. सगळे वाइंडिंग सारखेच काळवंडले असेल तर मोटार बराच वेळ जास्त भाराखाली किंवा कमी व्होल्टेजवर चालली असण्याची शक्यता मोठी. मुख्य वाइंडिंग चांगले आणि सुरुवातीचे वाइंडिंगच जळाले असेल तर कपॅसिटर किंवा सेंट्रिफ्यूगल स्विच तपासावा, कारण तो स्विच सुटला नाही तर थोड्या सेकंदांसाठी बनविलेले वाइंडिंग सतत चालू राहते. आणि बाकीची तार चकचकीत असून एकाच ठिकाणी काळा डाग असेल तर तिथले इन्सुलेशन फुटले आहे असे बहुधा समजावे, म्हणजे दोष उत्पादनातील. यातील पहिला प्रकार पाहून मेकॅनिक ‘तुम्ही जास्त भरले’ असे ग्राहकाला ऐकवतो आणि निघून येतो. पण सारखे काळवंडलेले वाइंडिंग ओव्हरलोडने काम का केले नाही हाही प्रश्न उभा करते, आणि त्याचे उत्तर लिहिल्याशिवाय त्याने हमी नाकारू नये. या खुणा हमीपत्रात छापू नयेत. खरेदीदाराला त्या तपासता येत नाहीत, आणि अर्धवट वाचून तो स्वतःच मोटार उघडायला बसेल.

‘गैरवापर’ या शब्दाच्या जागी तुमच्या वहीत खरोखर सापडणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. घरघंटीत त्या मोजक्याच असतात: ओले धान्य, तेलकट दाणे आणि धातू किंवा खडा. ओल्या धान्याचा लगदा जाळीवर आणि चेंबरच्या भिंतीवर घट्ट चिकटलेला सापडतो, तीळ-शेंगदाणे-खोबऱ्याचा तेलकट थर हाताला लागतो, आणि खिळ्याने ब्लेडला खाच पडते. तिन्ही गोष्टी ग्राहकाला आधी सांगता येतात आणि नंतर दाखवता येतात, म्हणून हे अपवाद टिकतात. इथे तुमच्या माहितीपत्रकाकडे पुन्हा पाहावे लागेल. त्यात घरघंटीशेजारी अख्खी हळकुंडे मांडलेली दिसतात आणि वापराच्या पत्रकात मात्र हळद आधी फोडून घेण्यास सांगितले आहे. अख्खे हळकुंड टाकल्याने ब्लेड वाकले म्हणून हमी नाकारणार असाल तर ते छायाचित्र काढावे लागेल. ग्राहकाने तुमच्या चित्राप्रमाणे वागणे याला गैरवापर म्हणता येणार नाही.

अनधिकृत दुरुस्तीचा अपवादही फार रुंद आहे. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने तीन पिनांचा प्लग बदलला म्हणून पाच वर्षांची मोटारीची हमी जाते का? तुमचे वाक्य ‘हो’ म्हणते, तुम्ही स्वतः बहुधा ‘नाही’ म्हणाल. अपवाद त्या दुरुस्तीमुळे झालेल्या बिघाडापुरताच ठेवावा आणि मोटारीच्या कव्हरवर कागदी सील लावून त्याला खूण द्यावी. त्याच वाक्यात तुमच्या बाजूची जबाबदारीही यावी, कारण ठरलेल्या दिवसांत तुमचा माणूस गेला नाही तर ग्राहक दुसऱ्याला बोलावणारच. तालुक्याच्या गावी मेकॅनिक नसेल तर हे रोज घडते.

‘कंपनीच्या मते’ आणि ‘निर्णय सर्वस्वी कंपनीचा राहील’ हे दोन तुकडे निःसंकोच काढावेत. त्यांनी कारखान्याला संरक्षण मिळते असे वाटते. प्रत्यक्षात ग्राहक आयोगासमोर ते तुमची बाजू पोकळ दाखवतात, कारण कारण न देता नकार देण्याचा हक्क तुम्ही मागत आहात असा त्यांचा अर्थ होतो. कायद्याच्या कलम २(४६) मध्ये ग्राहकाला गैरसोयीच्या स्थितीत टाकणारी अवाजवी अट ही अनुचित कराराची खूण मानली आहे. त्याऐवजी हमी नाकारल्यास कारण आणि यंत्राचे छायाचित्र लेखी देऊ असे वचन द्यावे. मेकॅनिकच्या फोनमधील एक छायाचित्र कागदावरच्या दहा अटींहून जास्त कामाला येते.

इंदूर न्यायक्षेत्राची अट तर निव्वळ जागा अडवते. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा कलम ३४ देते, तेव्हा चोपड्याच्या माणसाला तुम्ही इंदूरला येण्यास भाग पाडू शकत नाही. मग ती अट ठेवून त्याला घाबरवण्यात काय साधते, हे मला कधी कळलेले नाही.

आता तक्रारीची रीत. तुमच्या परिच्छेदात ग्राहकाने काय पाठवायचे हे आहे, पण कुठे, कोणाला आणि मग तुम्ही किती दिवसांत काय करणार, यातले काहीच नाही. खरेदीदाराच्या मनात यंत्र बंद पडल्यावर येणारे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात: आत्ता काय करू, कोणाला फोन करू, काय जवळ ठेवू, माणूस कधी येईल, पैसे लागतील का, दुरुस्त झालेच नाही तर काय? उत्तरेही याच क्रमाने लिहावीत.

सात दिवसांत सही-शिक्क्यासह कार्ड पाठविण्याची अट पाळली जात नाही हे तुम्हालाही माहीत आहे. महाराणी रोडवरचा दुकानदार लग्नसराईत शिक्का मारत बसत नाही आणि ग्राहकाला त्याचे महत्त्व पेटी उघडतानाच काय, दोन वर्षांतही कळत नाही. त्याच्या चुकीशिवाय हमी हातातून जाते, ही अट सोडून द्यावी. ओळखीसाठी यंत्राच्या मागच्या पट्टीवरील क्रमांक आणि बिल एवढे पुरते. बिल मूळच हवे हा आग्रहही सोडावा. अनेक दुकानांची बिले उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात, आणि ती अक्षरे हमी संपण्याच्या आधीच पुसट होतात; म्हणून बिलाचे छायाचित्र चालेल असे लिहावे आणि पहिल्याच दिवशी ते काढून ठेवण्यास सांगावे. बिल अजिबात नसेल तरी दार बंद करू नये. तुमच्या क्रमांकात उत्पादनाचा महिना येतो, तेव्हा कारखान्यातून माल निघाल्यापासून दुकानात तो साधारण किती दिवस राहतो हे पाहून तेवढी सूट देऊन हमीची सुरुवात धरता येते. मी मसुद्यात तीन महिने धरले आहेत. तुमचा माल जास्त दिवस पडून राहत असेल तर आकडा वाढवावा.

वाहतूक खर्चाबद्दल एकच सांगतो. घरघंटी साधारण ४० किलोची वस्तू आहे. ती तिसऱ्या मजल्यावरून उतरवून, टेम्पो करून कारखान्यात आणण्याचा खर्च ग्राहकावर टाकला तर लहान बिघाडांत हमी नावापुरतीच राहते. मेकॅनिक घरी जाणार, आणि यंत्र आणावेच लागले तर हमीतील दोषासाठी खर्च कारखान्याचा, अशी विभागणी योग्य वाटते. त्याच्या बदल्यात, बिघाड हमीबाहेरचा निघाल्यास भेटीचे शुल्क किती, हे फोनवरच आकड्यासह सांगण्याचा हक्क तुम्ही ठेवावा. आकडा आधी कळला की ग्राहक तो बहुतेक वेळा विनातक्रार देतो.

या सर्व निर्णयांनंतर हमीपत्र असे लिहिता येईल. आकडे तुम्ही तपासून घ्यावेत, कारण प्रत्येक आकडा हे वचन आहे.

«हमी किती काळ: मोटारीला ५ वर्षे. जाळी, ब्लेड आणि कापडी गाळणी यांना ३० दिवस. कपॅसिटर, स्विच, ओव्हरलोड, प्लास्टिक व रबरी भागांसह बाकी संपूर्ण यंत्राला २ वर्षे. ही मुदत बिलावरील तारखेपासून मोजली जाते.

हमीत काय येते: यंत्र योग्य रीतीने वापरत असताना एखादा भाग जुळणीतील किंवा साहित्यातील दोषामुळे बिघडला, तर आम्ही तो विनामूल्य दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. भागाचे, मजुरीचे आणि घरभेटीचे पैसे लागणार नाहीत. यंत्र कारखान्यात आणावे लागल्यास जाण्या-येण्याचा खर्च आम्ही करू. एकाच भागात हमीच्या काळात तिसऱ्यांदा तोच बिघाड झाला, तर आम्ही तो भाग पुन्हा दुरुस्त न करता यंत्र बदलून देऊ.

हमीत काय येत नाही: ओले धान्य, तीळ, शेंगदाणे किंवा खोबरे दळल्यामुळे झालेला बिघाड. धान्यातील खडा, खिळा किंवा धातूचा तुकडा गेल्यामुळे तुटलेले ब्लेड किंवा जाळी. ओव्हरलोडच्या तारा थेट जोडल्यामुळे जळालेली मोटार. मोटारीचे सील दुसऱ्या कोणी उघडल्यास त्या कामामुळे झालेला बिघाड; मात्र तक्रार नोंदवून ७ दिवसांत आमचा मेकॅनिक आला नाही, तर दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेतली एवढ्याच कारणाने हमी नाकारली जाणार नाही. पडल्यामुळे किंवा पाण्यात भिजल्यामुळे झालेले नुकसान. ओरखडे आणि रंग उडणे, ते पेटी उघडल्यापासून ७ दिवसांत कळविले नसल्यास.

यंत्र बंद पडल्यास: प्रथम प्लग काढा. मागचे लाल बटण बाहेर आले असेल तर १५ मिनिटे थांबून ते दाबा आणि यंत्र रिकामे चालवून पाहा. तरीही चालले नाही तर खालील क्रमांकावर फोन करा किंवा व्हॉट्सॲप करा. यंत्राच्या मागील पट्टीवरचा क्रमांक सांगा आणि बिलाचे छायाचित्र पाठवा. बिल नसेल तर उत्पादनाच्या महिन्यानंतर ३ महिन्यांनी हमी सुरू झाली असे धरले जाईल. त्याच दिवशी तुम्हाला तक्रार क्रमांक मिळेल. इंदूर शहरात ३ आणि इतरत्र ७ दिवसांत मेकॅनिक येईल. बिघाड हमीबाहेरचा निघाल्यास लागणारे भेटीचे शुल्क फोनवरच सांगितले जाईल. हमी नाकारल्यास कारण छायाचित्रासह लेखी दिले जाईल. तक्रारीपासून २१ दिवसांत यंत्र दुरुस्त झाले नाही, तर ते बदलून दिले जाईल.

या हमीमुळे कायद्याने तुम्हाला मिळणारे हक्क कमी होत नाहीत. आमच्या उत्तराने समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर संपर्क साधता येतो.»

यातील ‘योग्य रीतीने वापरत असताना’ हे शब्द अजून थोडे सैल आहेत, आणि ते मी जाणून ठेवले आहेत. सगळेच अपवाद खाली मोजून दिल्यामुळे त्यांना वेगळा अर्थ चढत नाही. तरी तुमचा मेकॅनिक त्यांचा आधार घेऊन नवे अपवाद शोधू लागला, तर ते शब्द काढून टाकावेत. शेवटची ओळ काही कारखानदारांना नको असते. त्यांना वाटते, आपणच तक्रारीचा रस्ता दाखवतो. ज्याला तक्रार करायची आहे त्याला तो रस्ता मिळतोच. तक्रारीसाठी कायद्याने कारण घडल्यापासून दोन वर्षे दिली आहेत, तेव्हा चार महिने अडवून ठेवल्याने काही संपत नाही.

मसुदा छापण्यापूर्वी तो वाचून दाखवून ‘समजले का’ असे कोणाला विचारू नये. सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी वहीतील खऱ्या तक्रारी घेऊन प्रश्न तयार करावेत. उदाहरणार्थ: ‘यंत्र घेऊन चौदा महिने झाले, मोटार गुणगुणते पण फिरत नाही, बिल सापडत नाही. पैसे कोण देईल आणि तुम्ही पहिल्यांदा काय कराल?’ किंवा ‘दीड महिन्याने जाळी फाटली, ब्लेडला खाच आहे.’ घरी दळण करणाऱ्या दोन-तीन ग्राहकांना, एका दुकानदाराला आणि तुमच्या मेकॅनिकला हमीपत्र हातात देऊन हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. पहिल्या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर असे: कपॅसिटर असो की मोटार, चौदाव्या महिन्यात दोन्ही हमीत आहेत, पैसे कारखान्याचे, आधी प्लग काढायचा, मग मागील पट्टीवरचा क्रमांक पाहून फोन करायचा. दुकानदार आणि मेकॅनिक यांची उत्तरे वेगळी आली तर दोष त्यांचा नाही. ते वाक्य पुन्हा लिहावे. मेकॅनिकचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, कारण ग्राहकाच्या दृष्टीने हमीपत्र म्हणजे दारात उभा असलेला तो माणूस काय म्हणतो ते.

हिंदी आवृत्ती लागणारच आहे. ती या मराठी मजकुरावरून दुसऱ्या कोणाकडून घाईने करून घेऊ नये. वर ठरवलेल्या निर्णयांची यादी समोर ठेवून दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी लिहावेत आणि आकडे एकेक करून जुळवावेत. कागदाच्या एका बाजूला हिंदी आणि दुसऱ्या बाजूला मराठी सहज मावते, मात्र अक्षर वर्तमानपत्रातील मजकुराहून लहान करू नये. फोन क्रमांक आणि झाकणावरील तीन सूचना, म्हणजे ओले धान्य नको, तेलकट दाणे नकोत, गुणगुणल्यास बंद करा, या स्टिकरवर वेगळ्या याव्यात, कारण हमीपत्र कपाटात जाते आणि स्टिकर यंत्रावर राहतो.

बाजारात गेलेल्या आणि दुकानांत पडून असलेल्या मालाचे काय, हा प्रश्न यानंतर येईल. जुन्या कार्डावर विकलेल्या यंत्राला नव्या कार्डातील ग्राहकाच्या हिताच्या गोष्टी द्याव्यात, पण जुन्यात नसलेला नवा अपवाद लावू नये; उदाहरणार्थ तेलकट दाण्यांचा अपवाद जुन्या ग्राहकाला तेव्हाच सांगता येईल, जेव्हा ती सूचना त्याला यंत्रासोबत मिळालेली होती. नवे कार्ड कोणत्या यंत्र क्रमांकापासून सुरू झाले ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि तोच क्रमांक खानदेशातील दुकानदारांना कळवावा, म्हणजे फोनवरचा माणूस क्रमांक ऐकताच कोणते कार्ड लागू आहे ते सांगू शकेल.